दुसऱ्या पंगतीचा गोळाभात

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या डाळमिलमध्ये दुपारी तीनच्या सुमारास पहिली उलटी झाली. संध्याकाळ व्हायच्या आत अकरा जण सरकारी दवाखान्यात होते. गेटवरच्या म्हाताऱ्या शेषरावांना उचलूनच न्यावं लागलं.

कँटीन रूपाली सांभाळायची. ती हिवरखेडची. शिकायला अमरावतीला आली आणि खर्च भागावा म्हणून राजापेठेतल्या एका मेसमध्ये भाज्या चिरू लागली. तिथं स्वयंपाक करणाऱ्या दुर्गाबाईंनी तिला घडवलं. पुढे ही नोकरी लागली, तेव्हा रूपालीनं पहिलं काम केलं ते दुर्गामावशींना अकोल्याला आणण्याचं.

दवाखान्यात ती प्रत्येक खाटेशी गेली. काय खाल्लं, कधी खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, हे तिनं विचारलं. मग मिलमध्ये येऊन जे धडधाकट होते त्यांनाही तेच विचारलं.

"आमाले काय झालं? आमी तर तुमच्या हातचं दगडही पचवतो," एक हमाल म्हणाला. कोणी हसलं नाही.

वरण, पोळी, वांग्याची भाजी सगळ्यांनी खाल्ली होती. डाळीच्या पिठाचे गोळे शिजवून भातात कुस्करलेला गोळाभातही जवळपास सगळ्यांनी खाल्ला होता. पण बाराच्या पंगतीतलं कोणीच आजारी नव्हतं. आजारी होते ते दीडच्या पंगतीतले, आणि त्यांतलेही भात खाल्लेलेच. दीड ते तीन तासांत पोटात कळ, मग उलट्या. ताप कोणालाच नव्हता.

रूपाली स्वयंपाकघरात आली, तेव्हा दुर्गाबाई दुसऱ्या पंगतीच्या भाताचं पातेलं घासायला घेत होत्या. तळाशी भात होता.

"ठेवा ते, मावशी."

"काहून? माशा बसून राहिल्या."

रूपालीनं पातेल्यावर झाकण घातलं आणि ते फ्रिजमध्ये ठेवलं. तेव्हा तिची नजर मावशींच्या बोटाला गुंडाळलेल्या चिंधीवर गेली. सकाळी वांगी चिरताना कापलेलं नव्हतं ते. चार दिवसांपूर्वीचं होतं, आणि आता पिकलेलं. रूपालीनं ते सकाळीही पाहिलं होतं. हातमोजे घाला, एवढंच म्हणून ती पुढे गेली होती.

"दुसऱ्या पातेल्यातले गोळे कोणी कुस्करले?"

"मीनंच. मोज्यानं गोळा फुटते का? दहालेच केलं होतं, मंग झाकून ठेवलं."

तीन-साडेतीन तास. उन्हाळ्याचे दिवस. तेवढ्यात जखमेतले जंतू भातभर वाढले असणार.

किशोर साहेब, मिलचे मॅनेजर, धावत आले. "अन्न खात्याच्या मॅडम येऊन राहिल्या. आपल्याकडे सॅम्पल आहे न?"

"आहे."

"मंग झालं! द्या, अन् सुटा."

कोणाला बाधलंच तर तपासता यावं म्हणून जेवणाचं सॅम्पल रोज निघायचं. झाकणाच्या बरण्या, पदार्थाचं नाव, तारीख, वेळ, सगळं चोख. पण दुर्गाबाई ते काढायच्या नैवेद्यासारखं. पंगत बसायच्या आधी, पहिल्या पातेल्यातून, पहिली पळी. कोणाची नजरही पडू द्यायच्या नाहीत. रूपालीला ते पाहून बरंच वाटायचं. दुसऱ्या पातेल्याचं वेगळं काढा, असं तिनं कधी सांगितलं नाही.

फ्रिजमधली बरणी चांगल्या भाताची होती. ती तपासणीत स्वच्छच निघाली असती. मग दोष कोणी पाण्याला दिला असता, कोणी शेषरावांच्या वयाला.

मॅडम आल्या. बर्फाचा डबा सोबत होता. किशोर साहेबांनी स्वतः बरणी पुढे केली.

"आजारी लोकांनी हेच खाल्लं?" मॅडमनी विचारलं.

"हो, हेच."

"नाही," रूपाली म्हणाली. "हा पहिल्या पंगतीचा भात आहे. आजारी पडले ते दुसऱ्या पातेल्यातला खाऊन. तो इथे आहे."

किशोर साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं नजर वळवली. वळवली ती नेमकी मावशींकडे गेली. मावशींनी चिंधीचा हात पदराखाली घेतला होता.

"मावशींचा हात पाहा," ती म्हणाली. "जखम मी पाहिली होती. तरी मीच त्यांना कामाला लावलं."

मॅडमनी भात सीलबंद केला, तशीच बरणीही. हात दवाखान्यात दाखवा, जखमेचा नमुना द्या, तोवर अन्नाला हात लावायचा नाही, असं सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करून वेळांची माहिती दिली. अहवालाला वेळ लागणार होता. स्वयंपाकघर बंद झालं.

दुर्गाबाईंनी पिशवी उचलली. दोघी गेटपर्यंत आल्या. शेषरावांची खुर्ची रिकामी होती.

"मले आधी सांगतलं असतं तं?" मावशी म्हणाल्या.

"तर तुम्ही पातेलं घासलं असतं."

मावशींनी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "घासलंच असतं, पोरी."

रस्त्यावर एक ऑटो थांबला. रूपालीनं दवाखान्याचं नाव सांगितलं. मावशी आधी चढल्या, आणि तिला बसायला सरकल्या. मात्र सगळ्या वाटेत त्यांनी रूपालीकडे पाहिलं नाही.