उताराची जागा

गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही. आमच्या घरात म्हणतात की मी गप्प फक्त दातांच्या डॉक्टरकडेच बसते, कारण तिथे तोंड उघडं ठेवावं लागतं. म्हणून ती दुपार माझ्या अजून लक्षात आहे.

दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. मानेसरच्या कारखान्यांच्या बाजूच्या बोअरवेल, वसाहतींच्या टाक्या, कुठकुठलं पाणी बाटल्या भरून आमच्याकडे येतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी आली. साताऱ्याकडची, पण जन्मापासून छावण्यांमध्ये वाढलेली. वडील फौजेत सुभेदार. तिचं मराठी घरचं आणि चिडणं हिंदीतलं. कामाला चोख, फक्त कॉम्प्युटरवर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास.

वडील निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडावा लागणार होता. त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं, "रिपोर्टवर तुझी सही चालायला लागली तर इथं राहा, हॉस्टेल बघू. नाहीतर आमच्याबरोबर गावी चल." सही चालायला आमच्याकडे परीक्षा द्यावी लागते. उत्तर माहीत नसलेल्या पाण्याची एक छोटी बाटली देतात. त्यातलं क्लोराइड किती ते शोधायचं. खरं उत्तर साहेबांच्या खणात बंद पाकिटात. तुमचं उत्तर त्याच्यापासून अर्ध्या टक्क्याच्या आत आलं तर पास. बाटलीतलं पाणी एकाच वेळेपुरतं, आणि परीक्षकाने एक शब्द बोलायचा नाही. परीक्षक कोण, तर मी.

काम तिने सुरेख केलं. पाण्यात चांदीचा इलेक्ट्रोड, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या नळीत, क्लोराइडला बांधून टाकणारं सिल्व्हर नायट्रेट. थोडं थोडं सोडायचं, मीटरचा काटा स्थिरावला की मिलिव्होल्ट लिहायचे. आधी आकडे रमतगमत चढतात, क्लोराइड संपता संपता एकदम उडी मारतात, मग पुन्हा सुस्तावतात. उडीची जागा जवळ आली तसं तिने एकेक दशांश मिलिलिटरच सोडलं आणि दरवेळी इलेक्ट्रोडला दम घेऊ दिला. मला मनातून फार बरं वाटलं. हे मीच शिकवलेलं होतं.

आता त्या उडीतली नेमकी जागा शोधायची. नुसत्या आलेखावर चढ उभा दिसतो, पण सर्वांत उभा कुठे ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यात मिलिव्होल्ट किती वाढले त्याला मिलिलिटरने भागायचं. हा झाला उतार, म्हणजे फर्स्ट डेरिव्हेटिव्ह. त्याचा आलेख काढला की एक शिखर येतं, तिथे अंत्यबिंदू, म्हणजे क्लोराइड संपल्याची जागा. मग उताराचाही उतार काढायचा, तो सेकंड डेरिव्हेटिव्ह. शिखराच्या अलीकडे तो शून्याच्या वर असतो, पलीकडे खाली जातो, आणि जिथे शून्याची रेघ ओलांडतो तिथे तोच अंत्यबिंदू, जास्त बारकाईने. रिपोर्टमध्ये आम्ही हाच दुसरा आकडा देतो. दोन्ही आलेखांनी जवळजवळ एकच जागा दाखवायला हवी.

तिचं शिखर आलं १२.३० मिलिलिटरवर. शून्य ओलांडलं १२.३६ वर.

मी सहज मागून गेले आणि तिच्या पडद्यावर नजर पडली. तिने एका ओळीत सूत्र लिहून माऊसने खाली ओढलं होतं. १२.२० आणि १२.३० यांच्यामधला उतार येऊन बसला होता १२.३० च्या ओळीत, कारण सूत्र त्या ओळीत होतं. म्हणजे प्रत्येक उतार अर्धा टप्पा पुढे सरकलेला. त्या सरकलेल्या उतारांचा उतार काढताना तोही खालच्याच ओळीत गेला आणि पूर्ण टप्पा पुढे सरकला. तिच्या रीडिंगमध्ये एकही चूक नव्हती. फक्त बरोबर आकडे चुकीच्या जागी बसले होते.

एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी चहा करायला गेले.

परत आले तेव्हा ती कपाळाला हात लावून बसलेली. "मॅडम, दोन्ही मॅच नाही होत आहेत. दोघांचं मधलं काढून लिहू का?"

मधलं येत होतं १२.३३. तेही मर्यादेच्या बाहेर पडलं असतं. मी म्हणाले, "मला विचारायचं नाही." माझा आवाज चिडका आला. मी चिडले होते ते त्या नियमावर.

"अच्छा," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिली. मी पुन्हा चहा टाकला. आधीचा तसाच पडला होता. मग तिसरा, मग चौथा.

मग ती उठली आणि कपाटातून ग्राफ पेपर काढून आणला. आमच्याकडे ते गठ्ठे धूळ खात पडले आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. तिने पेन्सिलीने आधी मिलिव्होल्टचे बिंदू मांडले, रेघ जोडली. १२.२० पासून १२.३० पर्यंत सगळ्यांत उभा चढ. त्याचा उतार खालच्या आलेखावर मांडायला तिने पेन्सिल नेली आणि हात तिथेच थांबला. कॉम्प्युटर कधी विचारत नाही की हा बिंदू कुठे ठेवू. कागद विचारतो. पेन्सिल १२.३० वर गेली, मग १२.२० वर आली, परत उचलली गेली. मी कपाकडे बघत होते, पण कप काही मला दिसत नव्हता.

"अरे यार," ती स्वतःशीच म्हणाली. "उतार तर दोघांच्या बीचमध्ये आहे."

तिने टिंब १२.२५ वर दिलं. मग बाकीचे सगळे अर्धा टप्पा मागे आले. दोन शेजारच्या उतारांमधला फरक त्यांच्याही मध्ये, म्हणून १२.२० वर, १२.३० वर. शून्याची रेघ आता १२.२६ ला ओलांडली जात होती, आणि शिखर १२.२५ वर. तिने कॉम्प्युटरवरचा तक्ता खोडून टाकला नाही. छापून काढला, चुकीच्या रकान्यांवर एकेक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, आणि कारण लिहिलं. हेही मीच शिकवलेलं. डोळे भरून आले माझे, आणि ते लपवायला मी खिडकी उघडली, तर बाहेरची सगळी धूळ आत आली.

साहेबांनी पाकीट फोडलं, दोन्ही आकडे शेजारी ठेवून चष्म्यातून पाहिले. "बिल्कुल ठीक," ते म्हणाले आणि आपली सही करून मोकळे झाले. तिने तिथेच उभ्याउभ्या वडिलांना फोन लावला. "बाबा, हॉस्टेल बघायचंय," एवढंच म्हणाली. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती बराच वेळ नुसती मान हलवत होती.

संध्याकाळी आम्ही दोघी मेट्रोपर्यंत चालत निघालो. मी माझी शांत, निःपक्षपाती परीक्षकाची भूमिका मनातल्या मनात कौतुकाने आठवत होते.

"मॅडम, तुम्हाला चूक आधीच दिसली होती ना?"

"मला? छे."

"मग टेबलावर चार कप होते, एक पण प्यायला नव्हता," ती म्हणाली. "ते बघूनच मला कळलं की माझं रीडिंग ठीक आहे, गडबड दुसरीकडे आहे. रीडिंग खराब असतं तर पाणीच संपलेलं, सांगून काही फायदा नव्हता, तुम्ही शांतपणे चहा प्यायला असता."