अठरा साते

मुलगी चौथीत आहे. संध्याकाळी दहा मिनिटं ती एकटीच पाढे म्हणते, एक सरळ आणि एक उलटा. मी मध्ये पडत नाही. सकाळी ती शाळेचे बूट घालत असताना तेवढे तीन प्रश्न विचारतो. पाढा पहिल्यापासून म्हणायचा नाही, थेट उत्तर द्यायचं. तिन्ही बरोबर आले तर कालनिर्णयावर बरोबरची खूण, एक जरी चुकलं तरी फुली. लागोपाठ तीस खुणा झाल्या की सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं, असं ठरलं होतं. मध्ये फुली आली की पुन्हा एकपासून. हा नियम माझा. एकदा ती बाराव्या दिवशी चुकली होती आणि मी तो पाळला होता.

त्या शनिवारी तिसावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी जायचं म्हणून तिनं टॉवेल आदल्या दिवशीच पिशवीत भरून ठेवला होता.

"चौदा सक?"

"चौऱ्याऐंशी." डावा बूट गेला.

"सतरा आठे?"

"एकशे छत्तीस." नाडी बांधून झाली.

"अठरा साते?"

"एकशे सव्वीस!" ती उडी मारून उभी राहिली.

"चूक. एकशे सोळा." मी लाल पेन काढलं आणि फुली मारली.

तिचा चेहरा पडला नाही, लाल झाला. "नाय! सव्वीसच!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, नीट बघा जरा."

मला काय बघायचं होतं? माझी नोकरी आकड्यांची. बेरजेत एक रुपयाचा फरक आला तर मी जेवायला उठत नाही. शिवाय अठराचा पाढा मी पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत रोज घोकलेला. एकाच वर्गात चार इयत्ता, सगळ्यांनी एका सुरात पाढे म्हणायचे. घरात दोघी माझ्या विरोधात गेल्यावर मी साक्षीदार बोलावला. मुंबईला असलेला माझा मोठा भाऊ शाळेत शेवटच्या रांगेत माझ्याच शेजारी बसायचा. त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"दादा, अठरा साते किती?"

"एकशे सोळा. का रे, सकाळी सकाळी काय झालं?"

"बघा!" मी दोघींकडे पाहून म्हणालो. तेव्हाचा माझा थाट आता आठवला तरी कान गरम होतात.

एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, तशीच मुलगी फोनपाशी वाकली. "काका, अठरा सक किती?"

"एकशे आठ."

"त्यात अठरा मिळवा."

पलीकडे तो पुटपुटत मिळवायला लागला. इकडे मीही मनात तेच मिळवत होतो. तव्यावरच्या भाकरीचा वास तेवढा येत होता.

"आयला," भाऊ म्हणाला.

मग त्याला कंठ फुटला. "ह्याच्यामुळं! हाच माझ्या कानाशी ओरडायचा! मला वाटायचं, ह्याचं गणित चांगलं हाय!"

"तुझं ऐकून मी म्हणायचो!"

बायको भाकरी सोडून बाहेर आली आणि भिंतीला टेकून हसायला लागली. मुलगी जमिनीवर बसली, मग आडवीच झाली. शाळेत गुरुजी आवाज मोठा आहे की नाही एवढंच बघायचे. पुढचे सगळे सव्वीस म्हणत आणि मागे आम्ही दोघं भाऊ बेंबीच्या देठापासून सोळा. पुढे अठरा आठे एकशे चव्वेचाळीस मात्र आम्ही दोघंही बरोबर म्हणायचो. मध्ये एकदम अठ्ठावीसची उडी पडते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. कामात मी पाढा कधी वापरतच नाही. अठरानं गुणायचं तर वीसनं गुणून त्या आकड्याची दुप्पट वजा करतो, म्हणून चूक इतकी वर्षं आरामात राहिली. फोनवर भाऊही हसत होता, आणि मला पोटात कळ येईपर्यंत हसू आवरेना.

मुलीची शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत होती. तिनं दुसरा बूट कसाबसा चढवला, माझ्या हातातलं लाल पेन घेतलं आणि फुली खोडून त्यावर मोठी खूण केली. मग शेजारच्या रकान्यात 'पप्पा' असं लिहून, तीच फुली नव्यानं तिथं काढली.

"तुमचं एकपासून," ती म्हणाली.

रविवारी आम्ही सवला गेलो. दोघी पाण्यात उतरल्या. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय टाकणार, तेवढ्यात ओला हात आडवा आला.

"आधी तीन प्रश्न. पंधरा नवे?"

"एकशे पस्तीस."

"एकोणीस चोक?"

"शहात्तर."

कुंडातल्या दोन अनोळखी बायकाही आता माझ्याकडे बघत होत्या.

"अठरा साते?"

मी घाई केली नाही. वीस साते एकशे चाळीस, त्यातून चौदा गेले.

"एकशे सव्वीस."

"पाढ्यानं सांगायचं, वजाबाकीनं नाय!" ती ओरडली. "ओठ हलले तुमचे!"

मी काठावरच उभा राहिलो आणि अठराचा पाढा एकपासून मोठ्यानं म्हणायला घेतला. सातावर आलो तेव्हा त्या दोन बायकाही माझ्याबरोबर म्हणत होत्या.