एका फोनची किंमत

रंगाच्या त्या छोट्या कारखान्यात उधारीचा हिशेब सांभाळणाऱ्या काकांबद्दल डीलरांत बोललं जायचं, की या माणसानं खुर्चीतून न उठता एक दुकान बंद पाडलं. दुकान बंद पडलं नव्हतं. काकांनी फक्त त्याची उधारीची मर्यादा चार लाखांवरून दोन लाखांवर आणली होती.

कारण चोख होतं. साठ दिवसांची उधारी. दहा दिवसांत पैसे दिले तर तीन टक्के सवलत. तो दुकानदार नववा दिवस चुकवायचा नाही. अचानक सलग तीन बिलं सवलत सोडून साठाव्या दिवसावर गेली.

"तीन टक्के सोडणारा माणूस म्हणजे हातात रोकड नसलेला माणूस," काका घरी चष्मा नाकावर सरकवत म्हणाले. त्यांच्यामागे बसून पुतणीनं ते वाक्य चष्म्यासकट म्हणून दाखवलं.

त्याच आठवड्यात दुकानदाराची एका शाळेच्या रंगकामासाठी ऐंशी हजारांची ऑर्डर आली. आधीची बाकी एक लाख नव्वद हजार. नव्या मर्यादेत ती बसेना, माल अडकला. शाळेच्या भिंतींना अस्तराचा हात देऊन झाला होता; वरचा रंग कंत्राटदारानं दुसऱ्या कंपनीचा आणला. काम हातचं गेलं.

काका स्वतः दुकानात गेले. काउंटरवर रंग मिसळायचं नवंकोरं मशीन होतं. अंगावरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं.

"हे कधी घेतलंत?"

"तुमच्याच सेल्सवाल्यांनी गळ्यात मारलं, साहेब. रोख दिले. सवलत सुटली ती त्यापायी." दुकानदारानं मशीनवर हात ठेवला. "एक फोन केला असतात तर सांगितलं असतं."

मशीनचं बिल ऑफिसात काकांच्या पाठीमागच्याच कपाटात होतं. घरी त्यांनी दुकानदाराचं बोलणं शब्दशः सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. मालकांना त्यांनी लेखी दिलं, चूक माझी, आणि मर्यादा पुन्हा चार लाख करून घेतली. शाळा मात्र परत आली नाही.

दुकानदारानं पुन्हा ऐंशी हजारांचा माल उचलला, तेव्हा पुतणी म्हणाली, "तो रुसलाय. बघा, साठ दिवस रखडवेल."

"दहाच्या आत देईल. सवलत कापून, पैशापर्यंत मोजून."

"हरलात तर?"

"महिनाभर माझी नक्कल शेजाऱ्यांसमोर कर. तू हरलीस तर महिनाभर बंद."

नवव्या दिवशी सत्त्याहत्तर हजार सहाशे आले. काकांनी आकडा दोनदा वाचला आणि प्रथमच पोळी पुरती खाल्ली. मग म्हणाले, "त्या दुकानदाराचं ते वाक्य एकदा म्हणून दाखव ना. फोनचं."

"पैज हरलेय, काका."

"माझी नक्कल बंद. त्याची नाही."

तिनं म्हटलं नाही. आता मर्यादा कापण्याआधी काका फोन लावतात. तो घरून लावताना पुतणी त्यांच्यामागे तोंड मिटून बसते. पैजेच्या महिन्यातले अजून सतरा दिवस बाकी आहेत.