पुतणीच्या फोटोखाली लिहिलेल्या चार ओळी

मेढ्याहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा मांडीवर कंदी पेढ्यांचा खोका होता, पिशवीत आईने शिवलेली दोन झबली होती आणि डोक्यात संशय होता. तिन्हींपैकी संशयच सर्वांत जड होता.

माझा थोरला भाऊ फौजेत आहे. त्याची सध्याची चौकी अशा डोंगरावर आहे, की तिथे फोन लागला तर लागला. आठ दिवसांपूर्वी सांगलीला, वहिनींच्या माहेरी, त्याला मुलगी झाली. वहिनी आम्हाला फोनवर रोज "सगळं ठीक आहे" म्हणतात, पण आठ दिवसांत बाळाचा एकही फोटो नाही. दादाने मला निरोप धाडला, 'काहीतरी लपवतायत. तू जाऊन डोळ्यांनी बघ. तिला हातात घेऊन फोटो काढ, खाली खरं काय ते लिही. गोड गोड लिहू नकोस, मला कळतं.' संशय आमच्या घरात पिढीजात आहे. दादाला वाटलं म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं.

साताऱ्याला गाडी बदलली. सांगलीच्या गाडीत शेजारी फेटा बांधलेले एक गृहस्थ बसले आणि बसल्यापासून माझ्या खोक्याकडे बघू लागले. मी खोका खिडकीकडे सरकवला. कराडच्या स्टँडवर वडापाव घ्यायला उतरलो, तेव्हाही खोका काखेत होता. गाडी सुटल्यावर ते म्हणाले, "बारसं हाय व्हय?"

"नाही. पुतणीला बघायला चाललोय."

"पयल्यांदाच घेणार जणू हातात? मग उभं ऱ्हाऊन घ्यू नगा. भितीला टेकून बसायचं. डोस्कं कोपराच्या खळगीत, दुसरा हात बुडाखाली. आन् अंग सैल सोडा. तुमी ताठलासा की ती रडती."

मी न विचारता माणूस एवढं शिकवतो म्हणजे काय, असा विचार मी पेठ नाक्यापर्यंत केला. तिथे हायवे सोडून गाडी वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. ते आष्ट्याला उतरले. खोका जागेवरच होता. मला जरा लाजल्यासारखं झालं.

सांगलीत शिरताना कृष्णा लागली. आमच्या मेढ्याची वेण्णा माहुलीला हिलाच मिळते, तेव्हा पाणी आमचंच म्हणायचं. पण पुलाखालून वाहणारं हे रुंद, संथ पात्र ओळख दाखवत नव्हतं.

वहिनींच्या आईंना मी मावशी म्हणतो. त्यांनी दारातच थांबवून पायांवर पाणी घातलं आणि मला बाहेरच्या सोप्यात बसवलं. बाहेरून आलेल्याने लगेच बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही. मी पेढे पुढे केले तर त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पेढं? पोरगी झाली, ठावं न्हाई का तुमास्नी? पोरीला जिलबी आणत्यात."

"साताऱ्याहून येताना दुसरं काय आणणार, मावशी?"

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. मी टोमणा मारायला पेढे आणलेत, असं त्यांना वाटलं होतं हे उघड होतं. म्हणजे आता दोन्ही बाजूंनी संशय झाला. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता आणि घड्याळ काही पुढे सरकत नव्हतं. एवढा वेळ बसवून ठेवतात ते आत काही झाकायला तर नाही?

अखेर हात गरम पाण्याने धुवायला लावून त्यांनी मला आत नेलं. वहिनी हसल्या. मी भिंतीला टेकून बसलो, कोपराची खळगी केली, आणि मावशींनी बाळ त्यात ठेवलं. कुंची (डोक्यावरून पाठीवर येणारं टोपडं), गालावर तीट (काजळाचा ठिपका) आणि बाकी सगळं दुपटं. मी अगदी पंचनामा करावा तसं बघितलं. हाताची बोटं दहा. दुपटं सोडायला लावून पायाचीही मोजली. मावशी बघत राहिल्या. डोळे उघडून तिने माझ्याकडे, किंवा माझ्या मागच्या भिंतीकडे, बघितलं. तिची मूठ माझ्या शर्टाच्या गुंडीपाशी आली आणि तिथेच राहिली. मला तिची भीती वाटत होती, आणि ती मला फार आवडली होती.

"वहिनी, फोटो काढता?"

"तोंड न्हाई यायचं," मावशी मध्ये पडल्या. "बारशापतूर फोटूत तोंड न्हाई. दिष्ट लागती. लोक स्टेटसला लावत्यात, गावभर फिरतं."

आठ दिवसांचं गुपित एवढंच होतं. पण दादा यावर विश्वास ठेवणार होता का? तोंड झाकलेला फोटो बघून तो डोंगरावर वेडा झाला असता.

"आई, मग भावजींना निदान लिहून तरी कळवू दे," वहिनी म्हणाल्या. मावशींनी सुटलेलं दुपटं सारखं केलं. "लिवा. पर मला वाचून दावा."

बाळाचं तोंड माझ्या छातीकडे वळवून वहिनींनी फोटो काढला. त्यात एक कुंची होती आणि माझं तोंड होतं, आ वासलेलं. ते मला कापून टाकायचं होतं, पण कापलं तर नुसती कुंची उरत होती.

मी लिहिलं, 'गोंडस आहे.' मावशी म्हणाल्या, "काढा." 'गोरीपान आहे.' "काढा, काढा!" वजन लिहिलं. "वजन कुणी सांगतं का?" तसंही दादाने गोड शब्दांवर विश्वास ठेवला नसता. मी हात टेकले.

"मग लिहू काय, मावशी?"

"खोडी लिवा की. खोडीला कुणाची दिष्ट लागत न्हाई."

मग आम्ही तिघांनी मिळून बाळाच्या खोडी काढल्या. सर्वांत जास्त मावशींनी सांगितल्या, आणि सांगताना त्यांचा हात बाळाच्या पायावरून फिरत होता. शेवटी फोटोखाली हे गेलं:

'दादा, मी काका. पहिल्यांदाच घेतलीय, म्हणून असा ताठलोय. बोटं वीस, दोनदा मोजली. नाक नकटं. डाव्या कानाची पाळी तुझ्यासारखीच आत दुमडलेली. केस कपाळापर्यंत. रडते तेव्हा गल्ली जागी होते. गुंडी धरलीय, सोडत नाही. तोंड बारशानंतर. लपवलेलं काही नाही.'

दुपारच्या गाडीने परत निघालो. फोटोखाली पोचल्याच्या दोन खुणा आल्या होत्या, पण कराड गेलं तरी उत्तर नाही. खोडी लिहून चूक केली की काय, असं वाटू लागलं. नकटं नाक, दुमडलेला कान, तेही तोंड न दाखवता! शेजारी आता कोणी फेटेवाले नव्हते, नाहीतर त्यांना विचारलं असतं.

साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्याची गाडी लागली होती तेव्हा फोन वाजला. दादाने लिहिलं होतं, 'फोटो उघडत नव्हता, नुसताच धुरकट. पण लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं. कानाचं ऐकून चौकीतली पोरं हसली.'

मी गाडीत चढलो. मेढ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुसरा निरोप आला.

'आत्ता उघडला. तिचं तोंड नाही दिसलं तरी चालेल. तुझं दिसलं. जन्मल्यापासून तुला ओळखतो, तुझ्या तोंडावर संशय नाही असा हा पहिलाच फोटो. म्हणजे पोरगी बरी आहे.'

मी शर्टाच्या त्या गुंडीला हात लावला. मेढं येईपर्यंत काढला नाही.