बोडीत भिजवलेला बांबू

बांबूचं काम मी शिकले ते आमच्या गावच्या मावशीकडून. माझी ती सख्खी मावशी नव्हे. गावाच्या टोकाला बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी तिचं घर. सासरकडून चालत आलेला सुपं-टोपल्यांचा धंदा, नवरा गेल्यापासून ती एकटीच सांभाळत होती. आमगावच्या बाजारात ती आपला माल मांडून बसली की शेजारच्या टोपलीवालीचं गिऱ्हाईकही तिच्याकडे वळायचं, कारण मावशीचं तोंड चालू असायचं. "माया हातचं सूप नातसुनेवरी जाते," ती ओरडून सांगायची, "बाकीच्यायचं सासूच्याच हातात मोडते."

मी शेतकरी घरची. धानाची रोवणी झाली की आमच्या हातांना बरेच दिवस काम नसतं. एका वर्षी गावात बायकांसाठी बांबूकामाचं प्रशिक्षण आलं. शिकवायला आलेली मुलगी शहरातली होती. तिने मोबाईलवर दिव्यांच्या शेडची चित्रं दाखवली. विणायला आम्ही शिकलो, पण पट्ट्या तिने तयार आणलेल्या होत्या. त्या संपल्या तसं प्रशिक्षणही संपलं. अख्खा बांबू पुढ्यात आला तेव्हा आमच्यापैकी एकीलाही तो चिरता येईना.

म्हणून मी मावशीकडे गेले.

"कायले शिकतं तू? वावर आहे ना तुमाले," ती म्हणाली.

"शेड विकायच्या आहेत, मावशी. लाईटच्या."

"लाईटले टोपली घालून रायले का लोक आता?" ती खूप वेळ हसत राहिली. मग सरकून तिने मला बसायला जागा दिली.

त्या पावसाळ्यात मी रोज दुपारी तिच्या पडवीत बसले. माझी चीर नेहमी एका बाजूला पळायची. एक पट्टी जाड, दुसरी कागदासारखी होऊन मध्येच तुटायची. मावशी माझ्या हातावर हात ठेवून दाखवायची: चीर पातळ बाजूला पळाली की जाड बाजू जास्त वाकवायची, चीर आपोआप मध्यावर येते. वरच्या सालीची पट्टी वाकते, मोडत नाही. आतला गाभा पोचट, तो चुलीत. शेडचा सांगाडा मी प्रशिक्षणात शिकलेच होते. वर-खाली दोन कड्या, मध्ये उभ्या काड्या, आणि त्या काड्या विषम असल्या पाहिजेत, तरच एकच पट्टी गोल फिरवत विणता येते. पण माझी पहिली शेड वाळल्यावर ढिली पडली. आतली वीण कड्यांपासून सुटून खुळखुळू लागली.

"ओला बांबू घेतला तुनं," मावशी म्हणाली. "सुपाले ओला चालते. या तुया लाईटच्या टोपलीले मुरलेला पायजे."

मुरलेला बांबू तिच्याकडे होता. वनखात्याच्या डेपोतून तिला बांबू कारागिरांच्या कार्डावर सवलतीत बांबू मिळायचा, पण तो कधी येईल याचा भरवसा नसायचा. म्हणून हाती आला की त्यातला काही ती बोडीच्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायची. पाण्यात बांबूचा गोडवा उतरतो आणि मग त्याला भुंगा लागत नाही. महिनाभराने काढून ती तो सावलीत उभा वाळवायची. ही तिची लग्नसराईची बेगमी. आमच्याकडे लग्न सूप, पर्रा आणि बिजना यांच्याशिवाय लागत नाही. पर्रा म्हणजे बांबूचं पसरट ताट आणि बिजना म्हणजे हातपंखा. आजूबाजूच्या गावांतल्या घरांना ते मावशीच्याच हातचे लागायचे. ते घेऊन ती स्वतः मांडवात जायची, आणि तिथे तिला मानाचं लुगडं मिळायचं.

शेड घेऊन मी आधी गोंदियाच्या बाजारात फिरले. विजेच्या सामानाच्या दुकानदाराने शेड उलटीसुलटी करून पाहिली. "बहनजी, चीज़ अच्छी है, पर यहाँ नहीं चलेगी. यहाँ ग्राहक को चमकनेवाला माल चाहिए." भेटवस्तूंच्या एका दुकानाने दोन शेड ठेवून घेतल्या, विकल्या तर पैसे देऊ म्हणाले. महिन्याभराने गेले तर त्या माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या. नागझिऱ्याच्या गेटजवळच्या टपरीवाल्याला वाघाच्या चित्राचे टी-शर्टच हवे होते. पण त्यानेच जंगलालगतच्या एका रिसॉर्टचा रस्ता दाखवला. तिथल्या मॅनेजरने शेड टेबलावर ठेवली, आत दिवा लावला आणि पडदे ओढले. भिंतीभर जाळीची सावली पडली.

मग त्याने जेवणाच्या हॉलसाठी आणि सगळ्या खोल्यांसाठी शेड मागितल्या. पर्यटकांचा हंगाम भरात येण्याआधी हव्या होत्या.

मावशीला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती टोमणा मारेल. ती उठली आणि पडवीच्या मागे उभा करून ठेवलेला बांबू तिने दाखवला. "घेऊन जाय. लग्नाच्या आंधी मले भरून देजो."

"डेपोचा आला नाही तर?"

"मंग तू देशील ना. कोठी पळून चालली का तू?"

मी बांबू नेला. माझ्यासोबत गावातल्या आणखी दोघी बसल्या आणि शेड वेळेत गेल्या. मॅनेजरने फोटो पाठवले. ते पाहून त्याच्या ओळखीच्या नागपूरच्या एका दुकानदार बाईने फोन केला, तिला उन्हाळ्याआधी माल हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं की तुम्ही किती देऊ शकाल.

डेपोचा बांबू त्या वर्षी आलाच नाही. मावशी दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आली. मी आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू घेतला. ताजा, हिरवा, त्याच आठवड्यात तोडलेला. बैलगाडीतून तो उतरवून घेताना माझ्या मनात आलं होतं की हा मावशीला द्यायचा. सुपाला ओला चालतो हे तिनेच मला शिकवलं होतं. पण नागपूरच्या ऑर्डरसाठी बांबू आताच बोडीत टाकला तरच वेळेत मुरणार होता. मी स्वतःला समजावलं की लग्नं अजून लांब आहेत, तोवर डेपोचा येईल, नाहीतर आणखी कुठून तरी आणू. आणि तो सगळा बांबू मी बोडीत दाबला. मावशीच्या घरासमोर. ती दारात उभी राहून पाहत होती.

"माया होय का?" तिने विचारलं.

"नाही मावशी, नागपूरचा. तुमचा आणते."

"बरं," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर मी बोडीकडे दुसऱ्या वाटेने जाऊ लागले.

लग्नं आली. आमच्याच गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. त्याच्या आईच्या लग्नालाही मावशीच्याच घरचा पर्रा होता, असं म्हणतात. तो मावशीकडे सूप, पर्रा, बिजना सांगायला गेला तेव्हा तिने घरातल्या उरल्यासुरल्या कामट्यांतून एक सूप करून दिलं. पर्ऱ्याला लांब, सलग पट्टी लागते. ती कुठून आणणार? "बाजारातून घेऊन ये," असं तिला त्याला सांगावं लागलं. हे मला नंतर कळलं.

मी त्या लग्नात वाढायला होते. मांडवात पाहते तर पर्रा आणि बिजना बालाघाटकडून आणलेले, लाल-हिरव्या रंगात बुडवलेले. पाहुण्या बायका कौतुक करत होत्या. मावशी आली होती, पण मांडवात पुढे गेली नाही. बाकीच्या बायकांत पंगतीला बसली. लुगडी वाटताना तिचं नाव कोणी घेतलं नाही. कोणाच्या मनात वाईट होतं असंही नाही. पर्रा बाजारातून आला तर मान कोणाला द्यायचा, हे त्यांना सुचलंच नसेल. मी भाताची बादली घेऊन तिच्यासमोर गेले. तिने पत्रावळीवर आडवा हात धरला.

"बस झालं," ती म्हणाली. तिने अजून एक घासही खाल्लेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आमगावला जाऊन चांगलं लुगडं आणलं आणि तिच्या घरी गेले. पडवी झाडून लख्ख होती. चिरण्याची सुरी वर खोचलेली होती.

"मावशी, माझ्यामुळे झालं."

"तुयाचमुळं झालं," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

मी लुगडं पुढे केलं. तिने ते हातात घेऊन काठ पाहिला, पोत पाहिला. मग नीट घडी घालून माझ्या मांडीवर परत ठेवलं. "कपडा चांगला हाय. पण मान मांडवात भेटते बाई. घरी आणून देल्लं तं ते दान होते. मी काऊन दान घेऊ?"

"मग मी काय करू?"

"मले का पुसतं? बांबू बोडीत दाबताना पुसलं का तुनं, ओला कोणाले चालते म्हणून? मालूम होतं तुले."

मी रडले नाही. रडायचा हक्क आपल्याला आहे असं वाटलं नाही.

घरी येऊन मी नागपूरच्या बाईंना फोन केला आणि अर्धाच माल देऊ शकेन म्हणून सांगितलं. त्या नाराज झाल्या. उरलेला माल त्यांनी दुसरीकडून घेतला, आणि पुढच्या वेळी त्यांचा फोन आला नाही. माझ्यासोबतच्या दोघी माझ्यावर चिडल्या. त्यातल्या एकीने त्या पैशांवर मुलीच्या शिलाई मशीनचा बेत केला होता. म्हणजे एका जागचं भरायला गेले आणि दुसऱ्या जागी खड्डा पाडला. मुरलेल्यातला निम्मा बांबू मी मावशीच्या पडवीत नेऊन उभा केला. तिने एकेक बांबू वाजवून पाहिला, तडकलेला एक बाजूला काढला आणि बाकीचे ठेवून घेतले. "आता कोठी लग्न आहेत," असं म्हणाली, पण परत ने म्हणाली नाही.

याला आता काही वर्षं झाली. रिसॉर्टचं काम चालू आहे. दरवर्षी तुटलेल्या शेड बदलायला मी तिथे जाते. मॅनेजर नव्या पाहुण्यांना माझी ओळख करून देतो आणि ते विचारतात, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी मावशीचं सांगते. कशी बोलते, कशी हसते, बोडीत बांबू कसा मुरवते, सगळं सांगते. लग्नाचं सांगत नाही. पाहुणे म्हणतात, किती छान.

मावशीकडून आता डोळ्यांमुळे बारीक काम होत नाही. लग्नसराईआधी मी तिच्याकडे बसून पर्ऱ्याच्या पट्ट्या काढते, ती बोटांनी चाचपत विणते. तेवढे दिवस शेडचं काम बंद ठेवते, मग फोन कोणाचाही असो. मागच्या माघात एका घरी तिला मांडवात बोलावणं आलं. मी तिचा हात धरून नेत होते, तर मांडवाच्या तोंडाशी ती थांबली.

"तू बाहेरच थांब," ती म्हणाली. रागाने नाही. पर्रा छातीशी धरून ती एकटीच आत गेली. मी मांडवाच्या खांबापाशी, तिच्या चपला राखत उभी राहिले.