दादाच्या ओट्यावर सांगितलेलं

ही गोष्ट मी बायकोलाही नीट सांगितलेली नाही. मी कामाला लावलेल्या एका मुलाचा विषय निघाला की मी म्हणायचो, "त्याला नोकरी जमली नाही." त्याच्या गावच्या, किन्हवलीकडच्या लोकांनी विचारलं तरी हेच उत्तर. हळूहळू सगळ्यांनी ते खरं मानलं. ते खोटं आहे. नोकरी त्याला उत्तम जमली होती. ती त्याच्या हातून का गेली, ते मी इथे लिहितो आहे.

मुरबाडच्या एमआयडीसीत, गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. राहायला शहापूरला. आमच्या बाजूची बरीच पोरं मी तिथे कामाला लावली. पोरगा लावायचा म्हणजे घरच्यांना शब्द द्यावा लागे. या मुलाचा थोरला भाऊ त्याला घेऊन माझ्याकडे आला होता. वडील नव्हते, भावानेच वाढवलेलं. "भाऊ, आता हा तुमच्या हवाली," तो म्हणाला होता, आणि हे वाक्य मला आवडलं होतं.

पोरगा हुशार निघाला. काही वर्षांत तो डाय सेटर झाला. पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा म्हणजे डाय. तो प्रेसमध्ये बसवायचा, बदलायचा, हे सेटरचं काम. त्यासाठी वरून खाली आपटणाऱ्या भागाखाली हात घालावेच लागतात. म्हणून आधी मेन स्विच बंद करायचा, मग मध्ये सेफ्टीचा ठोकळा ठेवायचा आणि त्यानंतरच हात घालायचा. ठोकळा विसरणाऱ्या पोरांना तो स्वतः शिव्या घालायचा.

एका सकाळी मी फेरी मारत होतो. तो वाकलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत प्रेसच्या आत, ठोकळा खाली पडलेला आणि मोटर चालू. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तो दचकला असता. मागून जाऊन स्विच बंद केला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"विसरलो साहेब," तो म्हणाला.

त्या महिन्यात तो पुष्कळ काही विसरत होता. उशिरा यायचा, डबा तसाच घरी न्यायचा, रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढलं होतं. मी दोनदा सर्वांसमोर बोललोही होतो. त्या दिवशी मात्र त्याला कँटीनच्या मागे, सायकल स्टँडजवळ नेलं. चहा मागवला.

"घरी काय झालंय?" मी विचारलं.

त्याच्या बायकोचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ती डोळखांबच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावर तिच्या माहेरी गेली होती आणि परत येत नव्हती. याला झोप नव्हती. "रात्रभर आढं बघत बसतो," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाला, "साहेब, मगाशी मी विसरलो नव्हतो. ठोकळा लक्षात होता."

मी सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का?"

"मरायचं नाय. हात गेला तर गप घरी पडता येईल, कोण काय विचारणार नाय, एवढंच वाटलं."

त्या दिवशी मी जे बोललो त्यातलं मला आजही काही बदलावंसं वाटत नाही. मी म्हणालो, "आजपासून तू प्रेसला हात लावायचा नाहीस. ही शिक्षा नाही, पण यात माघारही नाही. डॉक्टर लिहून देतील तेव्हाच परत सेटर. तोवर फायनल इन्स्पेक्शनला बसशील. वेळेवर यायचं, आणि यायला जमत नसेल तर मला फोन करायचा. दवाखान्यात पहिल्या वेळी मी सोबत येतो."

त्याने सगळं मान्य केलं. एकच मागितलं.

"घरी कळवू नका. दादाला तर नायच. तो मला उचलून भगताकडं नेईल. आणि सासरी कळलं ना, तर ती लोकं पोरगी पाठवणारच नायत."

"जिवावर बेतेल असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही," मी म्हणालो. "बाकी एक अक्षर माझ्या तोंडून जाणार नाही."

मॅनेजरसाहेबांनाही मी एवढंच सांगितलं, की त्याची तब्येत बरी नाही, डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत प्रेसवर नको. कंपनीत येणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, मी त्याला ठाण्याला मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेलो. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लगेच फरक दिसणार नाही, मध्येच बंद करायच्या नाहीत.

इन्स्पेक्शनच्या टेबलावर सगळ्या बायका. त्यांनी त्याला सोडलं नाही. "काय रे सेटर, आमच्यात आलास? बांगड्या भरू का?" पहिले काही आठवडे तो मान खाली घालून पत्रे तपासत राहिला. मग एक दिवस मी जवळून जाताना त्याचा आवाज ऐकला, "भरा की मावशी, पण हिरव्या भरा, माझी बायको यायचीय." टेबलावर हशा झाला. मी केबिनमध्ये येऊन उगाच फाइली लावत बसलो, इतकं बरं वाटलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो कामावर आला नाही. फोन नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फोन लावला तर लागेना. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकल काढली आणि थेट त्याच्या गावी गेलो. यातही माझी चूक झाली असं मला वाटत नाही. भीती खरी होती.

दादा ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता.

"आवं भाऊ, तुमी? इकडं कुठं?"

"तो कुठे आहे?"

"तो ना? सासुरवाडीला गेलाय, बायकोला आणाया. तिकडं पाड्यावर रेंज नाय, म्हणून फोन लागत नसंल. येल उद्या." तो हसला. "काय, कंपनी बंद पडली का त्याच्याबिगर?"

तो जिवंत होता, बरा होता, बायकोला आणायला गेला होता. माझी भीती तिथेच संपली. मी तिथूनच गाडी वळवायला हवी होती. कामावर आल्यावर, न कळवता राहिल्याबद्दल त्याला बोललो असतो, आणि विषय मिटला असता.

पण चहा आला. दादाने कोयता बाजूला ठेवला. "एवढ्या लांब उगाच नाय आलात. काय बिघडवलं का त्यानं?"

"नाही, नाही."

"मग बायांच्या टेबलावर का बसवलाय त्याला? गावात पोरं हसतात. तुमीच लावलंत ना त्याला? आता तुमीच काढायला निघालात?"

हे मला लागलं. इतकी पोरं लावली, कुणाचं वाईट केलं नाही, आणि हा माणूस माझ्यावर संशय घेतो. मला वाटलं, याला कळू दे मी याच्या भावासाठी काय केलंय. आणि मी सांगितलं. ठोकळा, मोटर, ठाण्याचा दवाखाना, गोळ्या, सगळं. शेवटी असंही म्हणालो, "मी होतो म्हणून त्याचे हात शाबूत आहेत."

दादा डोळे पुसून माझ्या पाया पडायला वाकला. मला ते बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं. आतल्या दारात दादाची बायको उभी होती. तिची मावशी डोळखांबकडचीच, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी थांबलो असतो का, सांगता येत नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. तो बायकोला घेऊन आला. दादाने प्रेमाने, अगदी प्रेमानेच, गोळ्या काढून घेतल्या आणि त्याला भगताकडे नेलं. दादाच्या बायकोच्या मावशीकडून बातमी पाड्यावर पोचली, आठवडाभरात त्याचे सासरे आले आणि "डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्याकडं पोरगी ठेवायची नाय" म्हणून तिला परत घेऊन गेले. गोळ्या तुटल्यावर त्याची झोपही परत गेली.

तो कामावर आला तो सरळ माझ्या केबिनमध्ये. दाढी वाढलेली.

"साहेब, तुम्ही दादाला सांगितलंत."

"तू न कळवता राहिलास. फोन करायचा असं ठरलं होतं."

"ते माझं चुकलं. पण तुम्ही सांगितलंत ना?"

मला 'हो' एवढा एकच शब्द बोलायचा होता. त्याऐवजी मी हजेरीचं बोललो. नियम सगळ्यांना सारखे, मी तुझ्यासाठी किती सांभाळून घेतलं, वरिष्ठांना मला किती उत्तरं द्यावी लागली. सगळं तुझ्या भल्यासाठीच. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"मी आजारी होतो, ते फक्त तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "आता मला सोडून सगळ्यांना माहीत आहे की मी वेडा आहे."

त्याने तिथेच राजीनामा लिहिला. मी त्याला थांब म्हणालो नाही. गोळ्या परत सुरू कर, मी दादाशी बोलतो, बायकोच्या घरी जाऊन समजावतो, यातलं काहीही म्हणालो नाही. कागद घेतला आणि वर पाठवला.

तो सावरला. त्यात माझा काही हात नाही. एका मित्राने त्याला पुन्हा ठाण्याला नेलं, असं ऐकलं. बायको परत आली नाही. ती दुसऱ्या घरी नांदते. आता शहापूरला हायवेलगत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी मन घट्ट करून तिथे गेलो. त्याने चष्मा वर केला, मला ओळखलं. "या काका. काय बनवायचंय?"

आणि मी म्हणालो, "खिडकीला ग्रिल."

तो घरी आला, माप घेतलं, काही दिवसांनी ग्रिल घेऊन आला. तो शिडीवर चढला, मी खाली शिडी धरून उभा. बायकोने सरबत दिलं. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्याच्या दुकानाची. काम झाल्यावर त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि दारात थांबला. बराच थांबला.

"आणखी काही काका?"

"नाही," मी म्हणालो. "काम चांगलं केलंस."

तो गेला. मला म्हणायचं होतं ते एवढंच. तू बरा आहेस हे कळल्यावर मी त्या ओट्यावरून उठायला हवं होतं. तुझं दुःख तू माझ्याजवळ ठेवलं होतंस, आणि मी ते माझा मोठेपणा दाखवायला खर्च केलं. नंतर तू विचारायला आलास, तेव्हा मी नियमाच्या आड लपलो. तुझी काहीही चूक नव्हती. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर.