रेघ वर, पाणी खाली

अकरावीच्या प्रकल्पाची फाइल परत मिळाली तेव्हा तिच्यावर लाल शाईनं लिहिलेलं होतं : ‘पावसाळ्यात विहीर आटते आणि उन्हाळा आला की भरते काय? आकडे मनाने घातलेले दिसतात.’ खाली पंचवीसपैकी चार. हे चार तरी कशाचे दिले ते सरांनाच ठाऊक, बहुधा अक्षराचे असावेत.

आमच्या शाळेचा नियमच होता की, प्रकल्पात नापास झालेल्याला बारावी सायन्सला बसू द्यायचं नाही, आर्ट्सला ढकलायचं. आणि बाबांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, ‘‘सायन्स जमत असल तर शीक. नाहीतर घरीच बस, आर्ट्ससाठी मी बसची पास काढणार नाही.’’ म्हणजे ते चार मार्क माझ्या शिक्षणाचा शेवट होते. सरांना हे कुठून माहीत असणार, त्यांच्यापुढे तसल्या फायलींचा ढीग होता.

प्रताप नगरात आम्ही भाड्यानं राहायचो. घरामागे चार बिऱ्हाडांची मिळून एक विहीर होती. ऑगस्ट ते मार्च, दर रविवारी, कुणी पाणी शेंदायच्या आधी मी तिचं पाणी मोजलं होतं. एकदा शेंदायला सुरुवात झाली की पाणी खाली जातं आणि माप चुकतं, म्हणून सगळ्यांच्या आधी उठावं लागे. दोरीला लोटा बांधून सोडायचा. लोटा पाण्याला टेकला की दोरी हातात सैल पडते. तिथं कठड्याच्या वरच्या कडेशी आईनं दोरी चिमटीत धरायची, मी ती अंगणात सरळ पसरून टेपनं मोजायची, आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. जे उरेल ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. ते तक्त्यात लिहायचं आणि त्याचाच ठिपका आलेखावर द्यायचा.

म्हणजे माझ्या आलेखात पाणी जितकं खोल, तितका ठिपका उंच. सप्टेंबरात विहीर तुडुंब होती तेव्हा रेघ तळाशी होती, मार्चमध्ये पाणी खोल गेलं तेव्हा रेघ माथ्याला गेली होती. उभ्या रेषेच्या बाजूला मी कागद आडवा धरून लिहिलंही होतं, ‘जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर, फूट’. पण सगळ्या फायली शिपायानं दाभण घेऊन डाव्या बाजूनं जाड दोऱ्यानं शिवल्या होत्या, आणि माझा आलेखाचा कागद थोडा रुंद असल्यामुळे ते अख्खं वाक्य शिवणीच्या आत गेलं होतं. वर मथळा उरला, ‘विहिरीतील पाण्याची पातळी’. हा मथळा माझाच. तो वाचून कुणीही रेघ वर म्हणजे पाणी वर असंच समजणार.

बाकावर बसल्या बसल्या मी शिवण बोटांनी फाकवून पाहिली. आत माझ्या निळ्या शाईतल्या अक्षरांच्या शेपट्या दिसत होत्या. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पण वर्गात ओरडणाऱ्या मुली आमच्या शाळेत नव्हत्या आणि मीही तशी नव्हते.

घरी आईला सांगितलं. आईनं बाबांना सांगितलं. बाबा इतवारी बाजारात एका ठोक किराणा दुकानात कामाला होते. तिथं शेटजी रागावले की आधी ‘चूक झाली’ म्हणायचं आणि मग चूक कोणाची ते पाहायचं, हीच त्यांची रीत. त्यानं नोकरी टिकली होती, हेही खरं.

‘‘माफीचं लिही,’’ ते जेवता जेवता म्हणाले. ‘‘चूक झाली, लहान हाय, पुन्हा होणार नाही, असं. मास्तर माणूस हाय, पाघळल.’’

‘‘पण माझी चूकच नाही बाबा.’’

‘‘चूक नसली म्हणून माफी मागता येत नाही काय वं?’’

मी ताटावरून उठले. आईनं मला परत बसवलं. मी बसले पण जेवले नाही, आणि रागानं मला रडूही येत नव्हतं.

माफीचं पत्र मी लिहिलं नाही. जे लिहिलं त्याचे तीन कागद खराब केले, आणि चौथा सरांना दिला. अजून मला ते बरंचसं आठवतं. ‘आदरणीय सर, माझ्या आलेखात रेघ वर जाते तेव्हा पाणी खाली जाते. उभ्या अक्षाचे नाव शिवणीत गेले आहे, कृपया शिवण उसवून पाहावे. शेजारच्या पानावरच्या तक्त्यात त्याच तारखांना तेच आकडे आहेत आणि तिथे अंतर हा शब्द स्पष्ट आहे.’ मग मी जरा फणकाऱ्यानं पुढं लिहिलं होतं. ‘फेब्रुवारीत गारपीट झाली त्या आठवड्यात पाणी वर आले नाही, कारण कोरडी जमीन तेवढे पाणी पिऊन टाकते. मी आकडे मनाने घातले असते तर त्या आठवड्यात पाणी नक्की चढवले असते. डिसेंबरात एका रविवारी ठिपका एकदम उंच गेला आहे आणि पुढच्या रविवारी खाली आला आहे. त्या शनिवारी शेजारी लग्न होते व दिवसभर पाणी शेंदले गेले. असे खोटे मला सुचले नसते. आपण म्हणाल तेव्हा आपल्यासमोर विहीर मोजून दाखवीन. कृपया गुणांचा फेरविचार व्हावा.’

सरांनी पत्र घेतलं, चष्मा न काढता वाचलं आणि खिशात घातलं. ‘‘बघतो,’’ म्हणाले. एवढंच. मी स्टाफरूमच्या दारात उभीच राहिले, तर म्हणाले, ‘‘जा आता.’’

दोन दिवस काही नाही. सायन्सची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली आहे, अशी बातमी आली. पुस्तक उघडलं की पुढल्या वर्षी हे पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हातात असेल एवढंच मनात येई. देवाला मी एरवी नवस बोलत नसे, पण त्या दोन दिवसांत बोलले.

तिसऱ्या दिवशी मला मुख्याध्यापकांनी बोलावलं. आत गेले तर कोपऱ्यातल्या खुर्चीच्या पुढल्या कडेवर बाबा बसलेले. दुकान सोडून ते कधी कुठं जात नसत. ते माझ्याकडे बघून हसले, सगळं जमलं आहे असं. सर टेबलाशी उभे होते, हातात माझी फाइल.

मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘तुझे वडील काल येऊन गेले. तू आकडे बनवून लिहिलेस हे त्यांनी कबूल केलं. नापास झालेल्या मुलीला मी पुन्हा संधी दिली असती. पण बनवलेले आकडे म्हणजे कॉपी. तू सायन्सला बसणार नाहीस, हे सांगायला दोघांना बोलावलं आहे.’’

मला काही क्षण कळलंच नाही. बाबांनाही कळलं नव्हतं. त्यांचं हसू तसंच राहिलं होतं आणि हात जोडलेले होते. ‘‘साहेब, लेकरू हाय, माफ करा,’’ ते परत म्हणाले.

तेव्हा सर पुढे आले. त्यांनी खिशातून पातं काढलं आणि फाइलीची शिवण एकेक टाका करून कापली. दोरा जाड होता, वेळ लागला. मग आलेखाचा कागद सोडवून टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. ‘‘हे वाचा, सर. अंतर. मी पातळी समजून वाचलं. चूक माझी आहे. काल संध्याकाळी मी तक्त्याशी ताडून पाहिलं, एकही ठिपका चुकलेला नाही.’’

मुख्याध्यापकांनी कागद पाहिला. त्यांना पटलं असावं, पण ते बाबांकडे वळले. ‘‘मग तुम्ही काल कबूल कसं केलंत? स्वतःच्या मुलीबद्दल खोटं कोण सांगेल?’’

बाबांची नजर माझ्यावरून सरांवर, सरांवरून टेबलावर गेली. त्यांना वाटलं असावं, हा प्रश्न म्हणजे पिंजरा आहे. ‘‘चुकली असल साहेब,’’ ते पुटपुटले. ‘‘म्हणजे... चुकलीच असल.’’

इतके दिवस गिळलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. ‘‘बाबा, तुम्ही मले एकदा तरी विचारलं काय? विचारलं काय, तू मोजलं का नाही मोजलं?’’ शाळेत मी शुद्ध बोलायची, पण त्या वेळी शुद्ध-अशुद्ध कुठं सुचतंय. मी बाबांवर ओरडत होते.

मग बाबा खुर्चीतून उठले आणि टेबलाशी आले. ‘‘आता विचारून राहिलो,’’ ते म्हणाले. ‘‘सांग.’’

मी आलेखावर बोट फिरवलं. इथं सप्टेंबर, पाणी जवळ, दोरी थोडी लागली, म्हणून ठिपका खाली. इथं मार्च, पाणी खोल, दोरी लांब लागली, म्हणून ठिपका वर. इथं शेजारचं लग्न. आईनं दर रविवारी दोरी धरली आहे, तिला विचारा.

‘‘दोरी लांब लागली की रेघ वर,’’ बाबा म्हणाले.

‘‘हो.’’

ते मुख्याध्यापकांकडे वळले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. ‘‘साहेब, काल मी खोटं बोललो. मले ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरीनं मोजलं हाय. माफी मागायची असल तर मी मागतो, तिच्याकडून मागू नका.’’

मुख्याध्यापक बराच वेळ यादीवरून बोट फिरवत राहिले. मग ती त्यांनी सरांच्या पुढ्यात सरकवली. सरांनी लाल शाईतली ओळ खोडली, शेजारी सही केली, चारच्या जागी एकवीस लिहिले आणि यादीत माझं नाव घातलं. चार मार्क मथळ्याचे कापले, असं मला म्हणाले. ते मात्र बरोबर होतं.

परत निघालो तेव्हा बाबा सायकल चालवत होते आणि मी मागे कॅरिअरवर होते. चढ लागला तेव्हा उतरून सायकल ढकलू लागले, मीही उतरले.

‘‘मले खरंच वाटलं होतं, का तू मनानं लिहिलं असशील,’’ ते म्हणाले.

‘‘काहून?’’

‘‘मी असतो तर मनानंच लिहिलं असतं.’’

मला सायन्स मिळालं होतं, आणि इतके दिवस मी दुसरं काही मागत नव्हते. पण चढ संपेपर्यंत मी बाबांच्या मागून रडत चालत होते, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, कारण त्यांना ते ऐकू येत होतं.